बत्तीस षटके, पाच धावा

वसईच्या पट्ट्यात पाऊस थांबला आणि शेतांतली भातकापणी उरकली, की रविवारच्या सामन्यांचा हंगाम सुरू होतो. टेनिस चेंडू, सहा किंवा आठ षटकांचा डाव, सीमारेषेला चुन्याची फक्की. मंडपाच्या एका कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मांडीवर लांबट वही घेऊन एकजण बसलेला असतो. तो स्कोअरर. सामन्यात त्याच्याकडे कुणाचे लक्ष नसते. वाद झाला की मात्र सगळे त्याच्याच भोवती जमतात. तरुणपणी अनेक वर्षे मी ही खुर्ची सांभाळली. क्रिकेटच्या जुन्या नोंदी वाचण्याचा नाद मला लागला, तो तिथेच.

त्या वहीत गोलंदाजाच्या नावापुढे चौकटी असतात, एका षटकाला एक चौकट. चेंडूवर धाव निघाली तर आकडा मांडायचा, नाही निघाली तर टिंब द्यायचे. सहाही टिंबे पडली, की स्कोअरर ती टिंबे रेघांनी जोडून इंग्रजी ‘एम’ अक्षर काढतो. हे झाले मेडन, म्हणजे आपले निर्धाव षटक. त्यात बळीही मिळाला असेल तर तीच टिंबे ‘डब्ल्यू’च्या आकारात जोडतात. डाव संपला, की गोलंदाजाची सारी मेहनत चार आकड्यांत मावते : षटके, निर्धाव षटके, धावा, बळी. प्रेक्षक शेवटचा आकडा वाचतात. निवड करणारेही बहुधा तोच वाचतात. मधले दोन आकडे नेमके काय सांगतात आणि कशाविषयी गप्प बसतात, हे पाहण्यासाठी मी एक जुना धावफलक घेतो. तो एका मराठी गोलंदाजाचा आहे आणि क्रिकेटच्या इतिहासात त्याच्यासारखा दुसरा नाही.

रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी, म्हणजेच बापू नाडकर्णी. जन्म नाशिकचा, ४ एप्रिल १९३३चा. आधी महाराष्ट्राकडून आणि पुढे मुंबईकडून ते रणजी खेळले. डावखुरे मंदगती गोलंदाज आणि भरवशाचे फलंदाज. १९५५ ते १९६८ या काळात त्यांनी ४१ कसोटी सामने खेळले. १७ जानेवारी २०२० रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा बहुतेक मृत्युलेखांत एकच ओळ ठळक होती. जानेवारी १९६४मध्ये मद्रासच्या कॉर्पोरेशन स्टेडियमवर इंग्लंडच्या पहिल्या डावात त्यांनी टाकलेल्या गोलंदाजीची ती ओळ :

३२-२७-५-०

बत्तीस षटके, सत्तावीस निर्धाव, पाच धावा, बळी एकही नाही.

निर्धाव, पण कुणाच्या हिशेबात?

आधी शब्दाकडे पाहू. ‘निर्धाव’ हा मराठी शब्द सुरेख आहे, पण किंचित फसवा आहे. त्या षटकात संघाला एकही धाव मिळाली नाही, असा त्याचा अर्थ होतो असे ऐकणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात हिशेब गोलंदाजाचा असतो, संघाचा नव्हे. चेंडू फलंदाजाला चकवून, यष्टिरक्षकालाही चुकवून सीमापार गेला, तर चार धावा बाय म्हणून संघाच्या खात्यात जमा होतात. गोलंदाजाच्या नावे काहीच लागत नाही आणि षटक निर्धावच राहते. लेगबायचेही तसेच. वसईतल्या मैदानांवर या एका मुद्द्यावरून मी जितकी भांडणे ऐकली, तितकी धावबादवरूनही ऐकली नाहीत. ‘धावफलक हलला, मग मेडन कसली?’ असे विचारणारा खेळाडू दर हंगामात एक तरी भेटतो.

वाइड आणि नो-बॉल यांचा नियम मात्र काळानुसार बदलला. आज ते गोलंदाजाच्या खात्यात पडतात आणि षटकाचे निर्धावपण मोडतात. १९८०चे दशक निम्मे सरेपर्यंत कसोटीत त्या धावा केवळ अवांतर म्हणून लिहिल्या जात. गोलंदाजाच्या पृथक्करणात त्या धरल्या जात नसत. म्हणून १९६४चा आणि आजचा धावफलक शेजारी ठेवून दशांश चिन्हापुढच्या दुसऱ्या घरापर्यंत तुलना करण्यात अर्थ नाही. दोन्हीकडची मोजपट्टी अगदी तीच नाही.

षटकाची लांबीही सगळीकडे सारखी नव्हती. १९५७च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू टेफिल्डने डर्बनला इंग्लंडविरुद्ध लागोपाठ १३७ चेंडू एकही धाव न देता टाकले. तिथे तेव्हा षटक आठ चेंडूंचे होते. नाडकर्णींचे मद्रासचे असे लागोपाठ चेंडू १३१. चेंडू मोजले तर टेफिल्ड पुढे. सलग निर्धाव षटके मोजली तर २१ षटकांसह नाडकर्णी पुढे. एकाच गोष्टीची दोन मापे दोन वेगळे विजेते देतात. षटक हे माप ठोकळ आहे, चेंडू हे बारीक. जुने आकडे वाचताना षटक किती चेंडूंचे, हे आधी विचारावे.

चार आकड्यांतून दिसणारा दिवस

आता पुन्हा ३२-२७-५-० या ओळीकडे येऊ. सामन्याचे वर्णन न वाचता, नुसत्या वजाबाकीने यातून काय निघते?

बत्तीसातून सत्तावीस गेले, उरली पाच षटके. म्हणजे ज्या षटकांत धाव निघाली अशी षटके पाचच. आणि एकूण धावाही पाच. निर्धाव नसलेल्या षटकात किमान एक धाव असलीच पाहिजे. तेव्हा या पाचही षटकांत बरोबर एकेकच धाव निघाली. चौकार नाही, तिहेरी नाही, दुहेरीसुद्धा नाही. १९२ चेंडूंपैकी पाचांवर एकेरी धाव आणि उरलेल्या १८७ चेंडूंवर गोलंदाजाच्या खात्यात शून्य. हे कुठल्या वार्ताहराने लिहून ठेवण्याची गरज नाही; चार आकडेच ते सिद्ध करतात. धावफलकावर इतके पूर्ण उत्तर क्वचितच मिळते.

या गोलंदाजीचे टप्प्याटप्प्याने आकडेही उपलब्ध आहेत. त्यांनी चार स्पेल टाकले : ३-३-०-०, मग ७-५-२-०, मग १९-१८-१-०, आणि शेवटी ३-१-२-०. पहिले तीन १२ जानेवारीचे, सामन्याच्या तिसऱ्या दिवसाचे. त्या एका दिवसाचा हिशेब २९ षटके, २६ निर्धाव, ३ धावा असा होतो.

सलग २१ निर्धाव षटकांची मालिका यात कुठे बसते, हेही शोधता येते. एकोणीस षटकांच्या स्पेलमध्ये एका षटकात एक धाव गेली, म्हणजे त्या एका स्पेलमध्ये सलग अठराहून अधिक निर्धाव षटके असूच शकत नाहीत. तेव्हा मालिका आधीच्या, सात षटकांच्या स्पेलमध्येच सुरू झाली असली पाहिजे. त्या स्पेलमध्ये निर्धाव षटके पाच. ती सगळी शेवटी सलग आली असे मानले, तरी पुढच्या स्पेलची पहिली सोळा षटके निर्धाव लागतात. म्हणजे ती एकमेव धाव सतराव्या, अठराव्या किंवा एकोणिसाव्या षटकात गेली. २१ षटकांचे १२६ चेंडू होतात. १३१मधले उरलेले पाच चेंडू मालिकेच्या दोन टोकांना असलेल्या, धाव गेलेल्या षटकांतले.

वहीत ही चौकटींची रांग डोळ्यांसमोर आणून पाहावी. एकवीस ‘एम’ ओळीने. नेटमध्ये खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावर चेंडू टाकण्याचा सराव बापू करीत, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. हे आकडे पाहिले की ती गोष्ट अतिशयोक्त वाटत नाही.

निर्धाव षटके वेगळी, इकॉनॉमी वेगळी

इकॉनॉमी म्हणजे गोलंदाजाने एका षटकामागे सरासरी किती धावा दिल्या. धावांना षटकांनी भागायचे, एवढेच. इथे एक खड्डा मात्र आहे. धावफलकावर ३.३ लिहिलेले असते, ते तीन षटके आणि तीन चेंडू. गणितात ते साडेतीन होते. कुणी १४ धावांना ३.३ने भागले तर उत्तर ४.२४ येते, खरे उत्तर ४. लहान सामन्यांत या चुकीने ‘सर्वोत्तम गोलंदाज’ बदलू शकतो. साधा उपाय म्हणजे सगळे चेंडूंत मोजायचे आणि शेवटी सहाने गुणायचे.

पाच धावांना बत्तीसने भागले की मद्रासची इकॉनॉमी ०.१६ निघते. पण हा आकडा एकटा काय सांगतो, हे कळायला त्याच गोलंदाजाचा दुसरा धावफलक शेजारी हवा. तो नशिबाने आहे, आणि विलक्षण सोयीचा आहे. १९६०-६१च्या मोसमात पाकिस्तानविरुद्ध कानपूरच्या कसोटीत नाडकर्णींचे आकडे होते ३२-२४-२३-०. षटके तितकीच, बळी तितकेच, म्हणजे शून्य. निर्धाव षटके फक्त तीन कमी. पण धावा पाचाच्या जागी तेवीस.

निर्धाव षटकांचा रकाना पाहिला तर दोन्ही गोलंदाजी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. इकॉनॉमी पाहिली तर एक ०.१६ आणि दुसरी ०.७२, चौपटीहून जास्त फरक. हा फरक आला कुठून? पुन्हा वजाबाकी. कानपूरला धाव गेलेली षटके आठ, धावा तेवीस. म्हणजे षटक ‘फुटले’ की सरासरी तीनच्या जवळपास धावा गेल्या. मद्रासला षटक फुटले तरी एकच धाव गेली. कानपूरचे फलंदाज बराच वेळ थांबत आणि मिळाला तर एखादा फटका मारत. मद्रासला फटका असा निघालाच नाही.

निर्धाव षटके आणि इकॉनॉमी ही एकाच गोष्टीची दोन नावे नाहीत, हे इथे दिसते. इकॉनॉमी एकूण किंमत सांगते. निर्धाव षटके ती किंमत कशी वाटली गेली ते सांगतात. दहा षटकांत वीस धावा देणारे दोन गोलंदाज घ्या. एकाची निर्धाव षटके शून्य, दुसऱ्याची पाच. इकॉनॉमी दोघांचीही दोन. पहिल्याने दर षटकाला एखाद-दुसरी धाव दिली. फलंदाज सतत बाजू बदलत राहिले, कुणी अडकले नाही. दुसऱ्याने पाच षटके दार बंद ठेवले आणि उरलेल्या पाचांत षटकामागे चार धावा दिल्या. दुसऱ्या गोलंदाजापुढे एकच फलंदाज सहा-सहा चेंडू उभा राहिला. अडकलेला फलंदाज आणि फिरता फलंदाज यांतला हा फरक केवळ मधल्या दोन रकान्यांच्या जोडीतून वाचता येतो.

मद्रासचा दिवस म्हणजे अपवादातला अपवाद होता, की बापूंची ही रोजचीच गोलंदाजी होती? इंग्लंडविरुद्धच्या त्या पाच कसोटींच्या मालिकेत त्यांचे एकूण आकडे २१२ षटके, १२० निर्धाव, २७८ धावा आणि ९ बळी असे आहेत. त्यातून मद्रासचा तो डाव वगळला तर उरतात १८० षटके, ९३ निर्धाव, २७३ धावा. इकॉनॉमी दीडच्या आसपास. निम्म्याहून जास्त षटके तरीही निर्धाव, पण षटक फुटले की तीनहून थोड्या अधिक धावा, म्हणजे कानपूरसारखेच. अचूकता नेहमीचीच होती. त्या दिवशी वेगळे होते ते समोरचे फलंदाज.

ही शांतता कुणाला हवी होती?

धावफलक आता गप्प बसतो. चेंडूवर धाव निघाली नाही, याची कारणे दोन असू शकतात. चेंडू मारण्यासारखा नव्हता, किंवा फलंदाजाला मारायचे नव्हते. टिंब दोन्हीला एकच.

मद्रासला भारताने ७ बाद ४५७वर डाव घोषित केला होता. बुधी कुंदरन यांच्या १९२ आणि विजय मांजरेकर यांच्या १०८ धावा त्यात होत्या. इंग्लंडपुढे पहिले काम होते फॉलोऑन टाळण्याचे, म्हणजे २५८पर्यंत पोहोचण्याचे, आणि दुसरे सामना न हरण्याचे. ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन ही खेळपट्टीला खिळून राहणारी जोडी. त्यांनी अनुक्रमे ८८ आणि ८० धावा केल्या. त्या दौऱ्यात इंग्लंडचा संघ आजारपणाने पोखरला होता. पुढच्या मुंबईच्या कसोटीत तर अकरा धडधाकट खेळाडू उभे करण्याची मारामार झाली. अशा संघाने नाडकर्णींना मारायला जाण्याचे कारणच नव्हते. त्यांना वेळ काढायचा होता, आणि निर्धाव षटकात वेळ निघतो.

सामना जिंकायचा तर भारताला वीस बळी हवे होते आणि त्यासाठीची वेळ मर्यादित होती. धाव न देता टाकलेले प्रत्येक षटक इंग्लंडला पराभवापासून एक षटक दूर नेत होते. या दृष्टीने पाहिले तर क्रिकेटमधली सर्वांत काटकसरीची गोलंदाजी प्रतिपक्षाच्याही सोयीची होती. इंग्लंडचा डाव ३१७वर संपला. भारताने दुसरा डाव ९ बाद १५२वर सोडून २९३ धावांचे आव्हान दिले. इंग्लंड ५ बाद २४१वर थांबले. सामना अनिर्णित राहिला. त्या मालिकेतले पाचही सामने अनिर्णित राहिले. कानपूरचा तो धावफलक ज्या मालिकेतला, तिचेही पाचही सामने अनिर्णित. या दोन जुळ्या धावफलकांचा अर्थ लावताना त्यांच्याभोवतीचे हे दहा सामने विसरता येत नाहीत.

पण गोलंदाज एकटा गोलंदाजी करत नाही. एका बाजूने धाव निघेना, की फलंदाज दुसऱ्या बाजूच्या गोलंदाजावर हात मोकळा करू पाहतो आणि चुकतो. इंग्लंडच्या त्याच डावात चंदू बोर्डे यांनी ८८ धावांत ५ बळी घेतले. त्यातला वाटा नाडकर्णींचा किती? मोह होतो म्हणायचा, की पाचही बळींमागे बापूंची बत्तीस षटके उभी आहेत. धावफलक मात्र तसे सांगत नाही. तो बोर्ड्यांच्या नावापुढे पाच लिहितो, नाडकर्णींच्या पुढे शून्य. दबाव नावाचा रकाना स्कोअरबुकात नाही. तो दोन गोलंदाजांच्या चौकटी षटकागणिक शेजारी ठेवूनच थोडाफार पाहता येतो. छापील फलकावरून नाही.

सरासरी एक, गोलंदाज दोन

नाडकर्णींच्या सबंध कसोटी कारकिर्दीचे आकडे पाहू. ९,१६५ चेंडू, २,५५९ धावा, ८८ बळी. इकॉनॉमी १.६७. बळीमागे सरासरी २९.०७ धावा आणि सुमारे १०४ चेंडू.

यांच्याशेजारी दुसरे एक नाव ठेवतो, तेही मुंबईचेच : सुभाष गुप्ते. लेगस्पिनर, ३६ कसोटींत १४९ बळी, सरासरी २९.५५. बळीच्या किमतीत दोघे जवळजवळ सारखे. नुसती सरासरी वाचणाऱ्याला दोघे एकाच जातीचे गोलंदाज वाटतील. पण गुप्ते षटकामागे २.३४ धावा देत आणि सुमारे ७६ चेंडूंत एक बळी घेत. नाडकर्णी १.६७ धावा देत आणि १०४ चेंडू घेत. बळीमागची सरासरी हा मुळात एक गुणाकार आहे : एका चेंडूची किंमत गुणिले एका बळीला लागणारे चेंडू. एक संख्या घटली आणि दुसरी वाढली, तरी गुणाकार तोच येतो. गुप्ते चेंडू हवेत लटकवत. त्यात धावही असे आणि सापळाही. नाडकर्णी धावही देत नसत आणि फारसा सापळाही लावत नसत.

याचा व्यवहारातला परिणाम असा. वीस बळी मिळवायला गुप्तेंच्या वेगाने सुमारे अडीचशे षटके लागतात, नाडकर्णींच्या वेगाने जवळजवळ साडेतीनशे. दुसऱ्या बाजूची षटके धरली तर साडेतीनशे षटके टाकायला पाच दिवस पुरत नाहीत. म्हणून कसोटीत इकॉनॉमी ही जिंकवणारी गोष्ट एकट्याने होऊ शकत नाही. ती दुसऱ्या कुणाला तरी धोका पत्करण्याची मोकळीक देते. नाडकर्णींचे भारतीय संघातले काम हेच होते. एक बाजू बांधून धरणे.

वसईच्या मैदानावर मात्र हे गणित उलटे होते. आठ षटकांच्या डावात बळी दहा आणि चेंडू अठ्ठेचाळीस. बळी संपण्याआधी चेंडू संपतात. तिथे टंचाई चेंडूंची असते, म्हणून निर्धाव षटक प्रतिपक्षाचा आठवा हिस्सा सरळ कापून नेते. कसोटीत चेंडूंचा तुटवडा नसतो, टंचाई बळींची असते; तिथे निर्धाव षटकाची किंमत समोरच्या संघाला घाई आहे की नाही यावर ठरते. मद्रासला इंग्लंडला घाई नव्हती. तीच बत्तीस षटके चौथ्या डावात, धावांचा पाठलाग करणाऱ्या संघाला टाकली असती, तर त्यांचे मोल अनेक पटींनी वाढले असते. आकडे तेच राहिले असते.

झाकले गेलेले धावफलक

एका ओळीची प्रसिद्धी माणसाच्या बाकीच्या ओळी झाकते, याची मला जास्त खंत वाटते. नाडकर्णी म्हणजे धावा न देणारे, आणि पुढचा न बोललेला भाग, बळी न घेणारे, असा समज ३२-२७-५-० या आकड्यांनी पक्का केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, त्याच मद्रासला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी पहिल्या डावात ३१ धावांत ५ आणि दुसऱ्या डावात ९१ धावांत ६ बळी घेतले. सामन्यात अकरा बळी. भारत १३९ धावांनी हरला, आणि ती गोलंदाजी पराभवाच्या आड गेली. १९६८मध्ये न्यूझीलंडमध्ये भारताने परदेशातली पहिली कसोटी मालिका जिंकली. त्या मालिकेत वेलिंग्टनला ४३ धावांत ६ बळी, ही त्यांची डावातली सर्वोत्तम कामगिरी. जिंकलेल्या सामन्यातली, बळींनी भरलेली. ती किती जणांना पाठ आहे?

मद्रासनंतर त्याच मालिकेत कानपूरला इंग्लंडविरुद्ध त्यांनी फॉलोऑननंतर नाबाद १२२ धावा काढल्या. ज्यांनी दुसऱ्यांना धाव काढू दिली नाही, त्यांनी स्वतः धावा काढून सामना वाचवला. गोलंदाजीच्या फलकावर ती नोंद येण्याचा प्रश्नच नाही.

माझ्या वहीतली एक जुनी चौकट अधूनमधून आठवते. सहा षटकांचा सामना होता. एका शांत, डावखुऱ्या पोराने दोन षटके टाकली, एक निर्धाव, दुसऱ्यात तीन धावा, बळी नाही. संध्याकाळी बक्षीस मिळाले तीन बळी घेणाऱ्याला. त्याने दोन षटकांत बावीस धावा दिल्या होत्या. सामना जेमतेम चार धावांनी जिंकला होता. बक्षीस देणाऱ्यांनी माझी वही मागितली, शेवटचा रकाना वाचला आणि परत दिली. मीही काही बोललो नाही. स्कोअररने बोलायचे नसते, असे तेव्हा वाटायचे.

आज ती वही कुणी मागितली, तर परत घेण्याआधी मी बोट ठेवून सांगेन : आधी षटकांतून निर्धाव षटके वजा करा आणि धाव गेलेल्या षटकांत किती गेल्या ते पाहा. मग इकॉनॉमी काढा, चेंडूंत मोजून. मग विचारा, समोरच्या संघाला घाई होती का, आणि दुसऱ्या बाजूने कोण टाकत होते. एवढे झाल्यावर शेवटचा रकाना वाचा. त्या पोराच्या चौकटीतला ‘एम’ मी पेन्सिलीने काढला होता. पुसट झालाय, पण वाचता येतो.